गच्चीवरच्या सोलरबद्दल सोसायटीच्या सभेतलं बोलणं

राम राम मंडळी. चेअरमन अण्णांनी वीस मिनिटं दिली आहेत. अर्ध्या वेळात मी बोलतो, उरलेल्या वेळात तुम्ही विचारा.

सोलर बसवणं हा माझा धंदा आहे. तुम्ही हो म्हणालात तर मला काम मिळतं, हे डोक्यात ठेवूनच माझं ऐका.

सगळ्यात आधी एक खुलासा. हे सोलर सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी आहे, म्हणजे लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. तुमच्या फ्लॅटचं बिल यातून एक रुपयानेही कमी होणार नाही. कमी होईल तो मेंटेनन्समधला विजेचा हिस्सा.

आता हिशोब. सेक्रेटरी ताईंनी मला कॉमन मीटरची मागची बारा बिलं दिली. सरासरी 950 युनिट आणि चौदा हजारांच्या आसपास बिल. एक किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं, म्हणून आपल्याला 8 किलोवॉट पुरतं. कुणी 15 किलोवॉट सांगितलं तर त्याला विचारा, जास्तीची वीज घालायची कुठे?

उंच स्ट्रक्चरसकट माझा भाव 5 लाख 20 हजार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॉटमागे 18 हजार सबसिडी आहे, म्हणजे 1 लाख 44 हजार. पेपरात वाचलेले 78 हजार स्वतंत्र घरासाठी असतात, त्यात गल्लत करू नका. सबसिडी काम पूर्ण होऊन नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा मीटर, बसल्यावर सोसायटीच्या खात्यात येते. त्यामुळे सुरुवातीला पैसे पूर्ण उभे करावे लागतील. 24 फ्लॅट आहेत, प्रत्येकी साधारण 21 हजार 700.

बिल शून्य होत नाही. स्थिर आकार राहतोच. महिन्याला बारा हजार वाचतील असं मी धरलंय, म्हणजे फ्लॅटमागे पाचशे. सबसिडी वजा केली तर कागदावर दोन वर्षं सात-आठ महिन्यांत पैसे वसूल होतात. पण पावसाळ्यातले ढगाळ दिवस, धूळ, साफसफाईचा खर्च धरून तुम्ही चार वर्षं समजा. वीजदर आणि नेट मीटरिंगचे नियम वीज नियामक आयोग ठरवतो, ते पुढे बदलू शकतात. माझा हिशोब आजच्या बिलावरचा आहे.

जळगावच्या उन्हाबद्दल एक गैरसमज आहे, की जितकी गरमी जास्त तितकी वीज जास्त. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात बाहेर 44-45 असतं तेव्हा पॅनल 65 च्या पुढे तापतं आणि दर अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे भर दुपारी चौदा टक्के गेले. म्हणून खालून वारा खेळता हवा, आणि म्हणूनच मी पॅनल आठ फूट उंच घेतोय.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यातच अडवलं होतं, "भाऊ, बिबड्या कुठे वाळत घालायच्या?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजी, पॅनलला जागा लागते आठशे चौरस फूट. ते दक्षिणेकडच्या भागात येतील. टाकीच्या उत्तरेकडची बाजू मोकळीच राहील. बिबड्या, पापड, कुरडया, आणि उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपणारे, सगळ्यांना ती पुरेल. पॅनलखाली मात्र सावली असेल, तिथे वाळवण होणार नाही.

वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची धास्ती आहे. स्लॅबला भोक पाडायचं नाही, खांब बीमच्या रेषेत पक्क्या बांधलेल्या काँक्रीटच्या पेडेस्टलवर उभे राहतील. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा नुसतं वजन ठेवून आठ फुटांचा सांगाडा टिकत नाही. बिल्डिंग अठरा वर्षांची आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. तो माझ्या ओळखीचा नको, तुम्ही निवडा. त्याने नाही म्हटलं तर विषय संपला.

आणि लाइट गेली की सोलरही बंद पडतं. भर दुपारी, कडक ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. लिफ्टसाठी जनरेटर ठेवावाच लागेल. लोडशेडिंगवर उपाय म्हणून कुणी हे घेत असेल तर घेऊ नका.

पॅनलच्या वीजनिर्मितीची हमी 25 वर्षांची, इन्व्हर्टरची माझ्या कोटेशनमध्ये 8 वर्षांची. त्यानंतर कधीतरी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्याची तरतूद आत्तापासून करा. पॅनल पंधरा दिवसांनी सकाळी लवकर धुवायचे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. हे काम वॉचमनच्या माथी मारायचं की माणूस लावायचा, ते आजच ठरवा. धूळ साचली की वीज कमी मिळते आणि मग सगळे सोलरला नावं ठेवतात.

माझ्याखेरीज आणखी दोन कोटेशन मागवा. तिन्हींत पॅनल सबसिडीला चालणारे भारतीय सेलचे आहेत का, स्ट्रक्चर गंजू नये म्हणून हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड केलेलं आहे का, हे लेखी घ्या. सगळे पैसे आगाऊ कुणालाही देऊ नका, मलाही नाही. शेवटचा हप्ता नेट मीटर फिरल्यावरच.

माझ्या मते तुमच्या गच्चीवर हे करण्यासारखं आहे. दक्षिणेला उंच इमारत नाही, सावली फक्त टाकीची पडते. पण ठराव आज घाईने करू नका. कोटेशनच्या प्रती ताईंकडे ठेवल्या आहेत, घरी नेऊन वाचा. आता विचारा, आप्पा, तुमचा हात केव्हाचा वर आहे.