जिनिंगच्या वळणावरील जीवघेण्या खड्ड्याबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी, नगरपरिषद

महोदय,
प्रभाग ५ मध्ये जिनिंगच्या फाटकापासून वीस पावलांवर, बस स्टँडकडे जाताना डाव्या हाताला खड्डा आहे. नकाशावरचे ठिकाण: 20.31482, 78.48215. टेपने मोजला: ७ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट खोल. खाली पाइपलाइन गळत असावी. पाऊस नसतानाही पाणी भरलेले असते, त्यामुळे खोली कळत नाही. परवा कापसाची बंडी यातच कलली. मंगळवारी रात्री माझी गाडी घसरून मनगट मोडले. कुणीतरी पऱ्हाटी रोवून लाल फडके बांधले आहे, सध्या तेवढाच बंदोबस्त! मागे टाकलेला मुरूम आठ दिवसांत वाहून गेला. या वेळी आधी गळती काढा, मग खडी-डांबर टाका. बॅरिकेड मात्र आजच लावा. फोटो जोडले आहेत.

आपला,
जिनिंगसमोरील किराणा दुकानदार