काकांच्या डिस्चार्ज कार्डचं मराठी, काकूसाठी

काकू, कार्डाचे तिन्ही कागद वाचले, जिथं अडलं तिथं वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. दिंडोरीला पोचलात की दादालापण वाचून दाखव.

काय झालं होतं: १२ तारखेला पहाटे काकांना हार्ट अटॅक आला, हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी मोठी नस ९५ टक्के बंद होती. उजव्या मनगटातून नळी घालून अँजिओप्लास्टी केली, औषध लावलेली एक जाळी म्हणजे स्टेंट बसवला, आता तिथून रक्त नीट वाहतंय. ॲडमिट असताना दुसरा काही त्रास झाला नाही.

आता ते ४० टक्के, ज्यावरून तू काल रडलीस. कागदात ४० दोनदा आलंय आणि दोन्ही वेगळे आहेत. एक 'LVEF 40%', म्हणजे हृदय एका ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, चांगल्या माणसाचंपण १०० नसतं गं, साधारण ५५ ते ७० असतं. काकांचं कमी झालंय हे खरं, पण ६० टक्के हृदय गेलं असं अजिबात नाही, औषधांनी सुधारूपण शकतं. दुसरं 'RCA 40%', ते उजव्या नसेतलं ब्लॉकेज, त्याला सध्या स्टेंट नको, गोळ्याच.

गोळ्या:
ॲस्पिरिन ७५, दुपारी जेवल्यावर एक.
टिकाग्रेलॉर ९०, सकाळी ८ आणि रात्री ८. ह्या दोन्ही स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून आहेत. बरं वाटतंय, दात काढायचाय, गोळ्या संपल्या, काहीही असो, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसपण बंद करायच्या नाहीत.
ॲटोरवास्टॅटिन ८०, झोपताना, कोलेस्टेरॉलची.
मेटोप्रोलॉल २५, सकाळी. कार्डावर वेळ लिहायची राहिली होती, विचारून घेतली.
मेटफॉर्मिन ५००, पहिल्यासारखीच, जेवणानंतर दोनदा. तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.४ आलीये, जास्त आहे.
सॉर्बिट्रेट ५, पुढं 'SOS' लिहिलंय, म्हणजे रोज नाही, छातीत दुखलं तरच. आधी काकांना खाली बसव, मग गोळी जिभेखाली ठेव, गिळायची नाही. ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन, शेजाऱ्यांच्या गाडीची वाट बघू नकोस.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, रक्त थांबेना, दम लागला, पाय सुजले तर लगेच कळव. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणतात ती गोळी आता बंद.

मीठ कमी, लोणचं-पापड नको. डॉक्टर सांगेपर्यंत द्राक्षाचे क्रेट उचलणं नाही, फवारणीचा पंप पाठीवर नाही, घरात हळूहळू चालू दे.

२२ तारखेला सकाळी ११ ला ओपीडीत दाखवायचंय, कार्ड, अँजिओची सीडी आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेऊन ये, मी सीबीएसला घ्यायला येतो.