द्राक्ष हंगामासाठी उत्पादनक्षमता आणि खोक्यांचा साठा राखून ठेवण्याबाबत

दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक महोदय,
कोरुगेटेड बॉक्स कारखाना,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

येत्या निर्यात हंगामात आमच्या पिंपळगाव बसवंत येथील पॅकहाउसला पाच किलोच्या द्राक्षांसाठी पाच प्लायची १,६०,००० खोकी लागतील. त्यासाठी १२ जानेवारी ते १२ एप्रिल २०२६ या तेरा आठवड्यांची आपली उत्पादनक्षमता आमच्या नावे राखून ठेवावी, अशी विनंती आहे. २ फेब्रुवारी ते १५ मार्च या सहा आठवड्यांत दर आठवड्याला १६,००० खोकी हवीत, तर उरलेली ६४,००० बाकीच्या सात आठवड्यांत विभागून चालतील.

याशिवाय २०,००० खोकी १० जानेवारीपर्यंत तयार करून आपल्या गोदामात ठेवावीत. ती कोरी असावीत, कारण आयातदार छपाईतला मजकूर अगदी शेवटी बदलतात आणि छापलेला माल मग वाया जातो. गठ्ठे लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून दूर ठेवावेत. पहाटेच्या दवाने कागद एकदा ओलावला की शीतगृहातल्या दमट हवेत सर्वांत खालचे खोके दबते आणि त्यातले मणी फुटतात.

इतक्या लवकर लिहिण्याचे कारण गेल्या फेब्रुवारीत आहे. दुसऱ्या एका पुरवठादाराकडून खोकी चार दिवस उशिरा आली, तोवर काढलेला माल क्रेटमध्येच पडून राहिला आणि हिरवे देठ तपकिरी पडले. शेतकऱ्याने वर्षभर जपलेला माल खोक्यांअभावी खालच्या प्रतीत गेला, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. शिवाय पाऊस लांबला की गोडी छाटण्या पुढे सरकतात आणि अनेक बागांची काढणी एकाच पंधरवड्यात येते. त्या वेळी ऐनवेळच्या मागणीला कोणताच कारखाना पुरा पडत नाही.

ही जोखीम एकट्या आपल्यावर टाकण्याचा आमचा हेतू नाही. आपला होकार आल्यापासून आठ दिवसांत राखीव साठ्याच्या किमतीच्या ३० टक्के रक्कम आगाऊ देऊ, म्हणजे आपल्याला क्राफ्ट पेपरची रिळे वेळेत घेता येतील. छाटणीच्या नोंदींवरून काढलेला पुढील तीन आठवड्यांचा अंदाज दर बुधवारी कळवू. राखीव साठ्यातील जी खोकी हंगामात उचलली जाणार नाहीत, ती ३० एप्रिलपर्यंत ठरलेल्या दरानेच आम्ही घेऊ. कागदाचा भाव चढल्यास दरवाढीचा विचार करू, मात्र ती रिळाच्या खरेदी बिलाच्या आधारे आणि पंधरा दिवस आधी कळवलेली असावी.

एवढी क्षमता देणे शक्य नसेल, तर किती देता येईल तो आकडा स्पष्ट कळवावा, म्हणजे उरलेल्या मालाची सोय आम्ही दिवाळीपूर्वी करू शकू. आपले लेखी उत्तर २५ सप्टेंबरपर्यंत मिळावे. नमुन्याची दहा खोकी सोबत पाठवल्यास आमच्या शीतगृहात रचून त्यांची चाचणी घेता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
खरेदी व्यवस्थापक,
द्राक्ष निर्यात पॅकहाउस,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक