लोणारचा थ्रेड, एका पोस्टमध्ये (बरंच काही कापून)

लोणारच्या खड्ड्यावरचा माझा थ्रेड एवढा लांबला की अर्ध्या लोकांनी मधूनच वाचायला घेतला आणि वरच विचारून झालेले प्रश्न खाली परत विचारले, म्हणून सगळं एकत्र करतेय. नियम एकच ठेवलाय, हा खड्डा कसा झाला आणि आत्ता त्यात काय चाललंय याला धरून असेल तेच ठेवायचं, बाकी कितीही लाइक्स आलेले असोत, गेलं. होकायंत्र गरगर फिरतं वाला ट्वीट सगळ्यात जास्त शेअर झाला होता, तो पहिला उडवला. आधार काही नाही, मजा फक्त.

तर मुद्दा. बुलढाणा जिल्ह्यात लोणार, खड्डा साधारण १.८ किमी रुंद, आणि तो सगळा आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांमध्ये. आता खडकच ज्वालामुखीचा म्हटल्यावर गोल खड्डा दिसला की हाही ज्वालामुखीच असणार असं वाटणं साहजिक होतं, आणि बरीच वर्षं भल्याभल्यांना तसंच वाटत होतं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली, पण उल्कापाताची खात्री पटायला १९७० चं दशक उजाडलं. खड्ड्यात ड्रिलिंग झालं आणि खालच्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. ही एक प्रकारची काच असते, फेल्डस्पार नावाच्या खनिजावर भयंकर दाब एका झटक्यात आला की तयार होते, आणि इतका दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. म्हणजे वरून काहीतरी येऊन आदळलं एवढं नक्की. थ्रेडमध्ये हे चार ठिकाणी विखुरलेलं होतं आणि माझ्या मते हाच सगळ्यात भारी भाग, म्हणून इथे वर आणला. चंद्रावर आणि मंगळावर पण बेसाल्टमधले असे खड्डे आहेत आणि पृथ्वीवर असे फार थोडे, त्यामुळे परग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार का हवं असतं ते लक्षात येईल.

वय. यावर रिप्लायमध्ये जुंपली होती. ५२ हजार वर्षं हा आकडा अजून सगळीकडे फिरतो, तो थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे नमुना तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून काढलेला. नंतर खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने साधारण ५ लाख ७० हजार आलं, म्हणजे दहापटीहून जास्त. मी दुसऱ्या बाजूने आहे, पण दोन्ही आकडे ठेवलेत, कारण तिथला गाइड तुम्हाला पहिलाच सांगणार.

खड्ड्यात तळं आहे, त्याचं पाणी खारं आहेच, पण त्याहून जास्त अल्कधर्मी आहे, पीएच १० च्या आसपास. बाहेर वाहून जायला वाट नाही, पाणी फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. आईन-इ-अकबरीत सुद्धा इथल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. आणि गंमत म्हणजे खड्ड्याच्या कडेलाच गोमुखाची धार गोड्या पाण्याची! खाली उतरून दोन्ही पाणी चाखून बघण्याचा आगाऊपणा करू नका.

गुलाबी रंग: जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते तुम्हाला आठवत असेलच, ते सगळं कापलंय. पाण्याची पातळी घटली, खारेपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले. रंग त्यांचा. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुना ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी स्वच्छ दिसायला लागलं, यापेक्षा सोपा पुरावा काय पाहिजे. इराणच्या उर्मिया तलावातही असंच होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं.

लवणासुराची गोष्ट एका ओळीत ठेवतेय, विष्णूने त्याला इथे मारलं अशी कथा आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच्याशी जोडलेलं. मंदिरावरची नक्षी हा वेगळाच विषय, त्याला या पोस्टमध्ये कोंबलं तर अन्याय होईल, वेगळं लिहीन (कधी ते विचारू नका). जवळचं अंबर तळं त्याच उल्केच्या तुकड्याने झालं का, हा वाद मिटलेला नाही, म्हणून तोही भाग बाहेर.

हॉटेल, पार्किंग, रस्त्याची अवस्था हे सगळं दर मोसमात बदलतं म्हणून गाळलं. जुना थ्रेड डिलीट करत नाहीये, फोटो तिथेच आहेत, पण नवीन प्रश्न इथे खाली टाका, तिकडचे नोटिफिकेशन बंद केलेत.