दिवाळीची साफसफाई आणि रंगकाम, बुकिंग चालू

नमस्कार मंडळी, कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात दसरा झाल्यापासून वसुबारसेपर्यंत आमची टीम काम करतेय. साफसफाईचे स्लॉट सकाळी ९ ते १ आणि दुपारी २ ते ६, टू बीएचके असेल तर दोन्ही लागतात, ३५०० रुपये. त्यात पंखे, जाळ्या, ग्रिल, किचनच्या ट्रॉल्या, चिमणीचा बाहेरचा तेलकटपणा, बाथरूमच्या टाइल्स सगळं येतं. माळ्यावरचं सामान आम्ही उतरवून देऊ पण काय ठेवायचं काय टाकायचं ते तुम्हीच बघा, त्या भांडणात आम्ही पडत नाही 😄 खिडक्या आतूनच पुसतो, बाहेर लटकून नाही.

रंगकाम म्हणजे घासणं, लागेल तिथे लांबी, प्रायमर आणि दोन हात. टू बीएचकेला चार-पाच दिवस धरा, रेट भिंती बघूनच सांगू. आणि स्पष्ट सांगतो, ओल असेल तर आधी गळती काढून घ्या, वॉटरप्रूफिंग आम्ही करत नाही आणि ओलीवर रंग मारला तर पोपडे येणारच, त्याची गॅरंटी नाही. शेवटच्या आठवड्यात रंगाचं नवीन काम घेणार नाही, वासही जात नाही.

५०० ॲडव्हान्स, याच नंबरवर व्हॉट्सॲप करा, रविवारचे स्लॉट पटापट भरतायत.