सातवी विज्ञान, जोड तासिका: माती आणि पाणी (सहअध्यापनाचं नियोजन)

वर्ग: सातवी, पट 28. गुरुवार, तिसरी आणि चौथी तासिका जोडून, एकूण 70 मिनिटं. जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, दारव्हा तालुका.

सर, शाळा सुटल्यावर आपलं बोलणं झालं, त्यातलं ठरलेलं खाली लिहिते आहे. काही बदलावंसं वाटलं तर कागदावरच खूण करा. तासाला दोघांच्या हातात हाच कागद असू द्या.

मूळ वाटणी

वर्गासमोर प्रश्न विचारणारा एकच, गटांत फिरणारा दुसरा. दोघांनी एकाच वेळी वर्गाशी बोलायचं नाही. पहिल्या भागात प्रश्न तुम्ही विचाराल, मी फिरेन. वावर, ढेकळं, पेरणी यावर पोरं तुमच्याशी मोकळी बोलतात. घरी शेती असल्याने तुम्हालाही पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. प्रयोगाच्या वेळी वर्गासमोर कुणीच बोलणार नाही, दोघंही गटांत. शेवटच्या चर्चेत मी प्रश्न विचारेन आणि तुम्ही मागे वही घेऊन उभे राहाल. तुम्ही समाजशास्त्र शिकवता म्हणून विज्ञानाच्या तासाला फक्त शिस्त सांभाळायची, असं अजिबात नाही. गटात काय चाललंय हे टिपणं हे या तासाचं अर्धं शिकवणं आहे.

गट आणि साहित्य

गट पाच: कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी, संत्रा. वेचणीमुळे चार-पाच पोरं गैरहजर राहतील. एखाद्या गटात चारपेक्षा कमी उरली तर तो गट मोडून शेजारच्या गटात मिसळायचा. हे काम तुमचं, हजेरी घेतानाच उरका.

प्रत्येक गटाला एक लिटरच्या दोन बाटल्या, बूड कापून उलट्या धरलेल्या. बुचाला तापल्या दाभणाने पाडलेलं एकसारखं भोक, आत सुती कापडाची चिंधी. एका बाटलीत नाल्याची धुतलेली रेती 200 ग्रॅम, दुसरीत काळी माती 200 ग्रॅम, दोन्ही उन्हात वाळवलेल्या. कापूस, सोयाबीन आणि ज्वारी गटांना काळी माती कुटून, चाळणीतून काढलेली. तूर आणि संत्रा गटांना तीच माती बोराएवढ्या ढेकळांची. हा फरक लपवायचा नाही, पण आपण होऊन सांगायचाही नाही. पोरं शेजारच्या बाटलीकडे बघतीलच.

पहिली 15 मिनिटं: तुमचे प्रश्न

वर्गात बाटल्या अजून आणायच्या नाहीत. प्रश्न याच क्रमाने घ्या:

"पाऊस थांबल्यावर कोणाच्या वावरात आधी जाता येते? कोणाच्या वावरात पाय फसते?"

"मे महिन्यात काळ्या वावरात काय दिसते?" (भेगा हे उत्तर लगेच येईल.) "त्या भेगा पावसाळ्यात कुठं जातात?"

"रेती आणि काळी माती, दोन्हींवर सारखंच पाणी ओतलं तर कशातून आधी खाली येईल? कशावरून म्हणता?"

प्रत्येक प्रश्नानंतर मनात पाच अंक मोजून मगच नाव घ्या. पुढच्या बाकावरचे हात आधी वर येतात, त्यांना थोडं थांबवा. "पानी लवकर जिरते, सर" असं आलं तर तसंच फळ्यावर लिहा. बोली सुधारण्यात अडकलो तर मागची पोरं तोंड उघडणार नाहीत. शेवटच्या प्रश्नावर प्रत्येक गटाने अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. अंदाज बरोबर की चूक हे तेव्हा आपल्या चेहऱ्यावरही दिसू नये.

या वेळात मी मागच्या दोन रांगांत असेन. कोण गप्प आहे, कोण शेजाऱ्याचं उतरवतो, ते टिपेन.

पुढची 30 मिनिटं: प्रयोग

सूचना मी एकदाच देईन: प्रत्येक बाटलीत 200 मिली पाणी, पेल्याने, हळूहळू, एकाच जागी न ओतता. पहिला थेंब पडला की वेळ लिहा. थेंब थांबले तर तीही वेळ लिहा. दहा मिनिटांनी खाली साचलेलं पाणी मोजा. काम वाटलेलं: ओतणारा, घड्याळवाला, मोजणारा, लिहिणारा. ढेकळांच्या गटांनी दहा मिनिटांनंतर पुन्हा 200 मिली ओतायचं.

कापूस, सोयाबीन आणि ज्वारी तुमच्याकडे, तूर आणि संत्रा माझ्याकडे. ढेकळांच्या बाटलीत गोंधळ जास्त होईल म्हणून ते दोन गट मी घेतले.

गटाजवळ गेल्यावर आधी अर्धा मिनिट नुसतं ऐका. मग फक्त तीन प्रश्न: "काय दिसलं?", "कशावरून?", "दुसऱ्या गटातही असंच होईल का?" उत्तर सांगायचं नाही. बाटली आपल्या हातात घ्यायची नाही. पाणी सांडलं तर सांडू द्या, फक्त त्या गटाला माती बदलून पुन्हा सुरू करायला लावा. आणि लिहिणारीचं काम दर वेळी मुलीकडे, ओतायचं मुलाकडे असं झालेलं दिसलं तर तिथल्या तिथे बदला.

एक ठिकाण तुम्ही खास बघा. रेतीतून धार लवकर येईल आणि दोन-तीन मिनिटांत थांबेल. पोरं तरीही पाण्याचा वेग काढताना दहाने भागतील. समजा 150 मिली पाणी तीन मिनिटांत आलं, तर वेग मिनिटाला 50 मिली. दहाने भागलं तर 15 मिली येतात आणि रेती खरी आहे त्यापेक्षा हळू दिसते. तेव्हा विचारा, "चौथ्या मिनिटाला पाणी पडत होतं का?" एवढंच. ज्या गटाला हे आपलं आपण सुचेल त्याचं नाव वहीत घ्या.

कुटलेल्या काळ्या मातीवर पाणी बराच वेळ वरच उभं राहील. पोरं बाटली हलवतील, भोक बुजलं म्हणून काडी घालतील. काडी घालू देऊ नका. "भोक बुजलं की माती धरून बसली, हे कसं ठरवशील?" असं विचारा. रेतीच्या बाटलीला तसंच भोक आहे, हे कुणीतरी म्हणेलच.

मधला निरोप, दोन मिनिटं

पोरं गणितं करत असताना आपण दाराशी भेटायचं. तुम्ही मला तीनच गोष्टी सांगा: कोणत्या गटाचा आकडा वेगळा आला, कोणाचं कारण चांगलं आहे, कोण अजून बोललं नाही. त्यावरून मी चर्चेचा क्रम लावेन. सर्वांत बरोबर असलेल्या गटाला शेवटी घेईन, नाहीतर बाकीचे वह्या मिटतात.

शेवटची 23 मिनिटं: चर्चा, प्रश्न माझे

फळ्यावर पाचही गटांचे आकडे. पहिला प्रश्न: "माती एकच, मग तूर-संत्र्यातून पहिल्यांदा पाणी लवकर का आलं?" ढेकळांच्या मधल्या फटींतून, इथपर्यंत ते पोचतील. मग, "दुसऱ्यांदा ओतल्यावर वेळ वाढला का?" वाढला असेल तर ढेकळं भिजून फुगली, विरघळली, फटी बुजल्या. न वाढलेला आकडाही तसाच फळ्यावर राहील, फिरवायचा नाही. त्यावर "अजून किती पाणी ओतून बघू?" असं विचारेन.

यानंतरच मी सांगेन: काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, पाणी धरून फुगतात, वाळले की आकसतात, म्हणून भेगा. रेतीचे कण त्यांच्या मानाने कितीतरी मोठे, त्यांच्यामधल्या जागाही मोठ्या.

शेवटचा प्रश्न वावराचा: "पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून कुठं गेलं? आणि ऑगस्टात तुरीत पाणी का तुंबतं?" इथे मी अडखळले किंवा पोरांनी शेतीचं काही विचारलं तर तुम्ही मागून बोला, तेवढी सूट.

तुमच्या वहीत त्या वेळी तीन रकाने: स्वतःहून बोललेले, विचारल्यावर बोललेले, गप्प. तिसऱ्या रकान्यातली नावं पुढच्या तासाला पहिल्या प्रश्नासाठी.

तास सुटल्यावर

कुटलेल्या काळ्या मातीच्या तीन बाटल्या रिकाम्या करायच्या नाहीत. खाली पेले ठेवून व्हरांड्यात राहू द्या. शुक्रवारी परिपाठानंतर गटप्रमुख रात्रभरात साचलेलं पाणी मोजून वहीत लिहितील. मोजपात्राची चावी माझ्या टेबलाच्या खणात आहे.