विषय : आजारपणामुळे कमी पडलेली हजेरी माफ करण्याबाबत

प्रति,
विभागप्रमुख, वनस्पतिशास्त्र विभाग, पुणे

आदरणीय मॅडम,

मी एसवाय बीएस्सीची विद्यार्थिनी, रोल नंबर 37. जुलैच्या शेवटी मला कावीळ झाली, बिलिरुबिन 11 च्या वर गेलं होतं, नऊ दिवस अ‍ॅडमिट होते आणि घरी आल्यावरही डॉक्टरांनी पाच आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली, जिना चढला तरी दम लागायचा मग धायरीहून बसने शिवाजीनगरला येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे माझी हजेरी 58 टक्क्यांवर आलीये आणि 75 टक्के नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही असं ऑफिसमधून कळलं.

मॅडम, झोपून असतानाही मैत्रिणीच्या वह्यांचे फोटो मागवून नोट्स उतरवल्यात, हर्बेरियमच्या 12 शीट्सही पूर्ण आहेत. राहिलेली चार प्रॅक्टिकल्स तुम्ही सांगाल त्या बॅचसोबत करीन, शनिवारी थांबायचीही तयारी आहे. पण वर्ष वाया जाऊ नये एवढीच मनापासून विनंती, प्लीज हजेरीत सूट द्यावी.

सोबत डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, फिटनेस सर्टिफिकेट आणि आईच्या सहीचं पत्र जोडलंय.

आपली विद्यार्थिनी,
रोल नंबर 37, एसवाय बीएस्सी